पुरोहित, प्रवचनकार आणि अध्यापक यांच्यातली चढाओढ: धार्मिक भांडवल आणि धार्मिक क्षेत्र यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धार्मिक क्षेत्र म्हणजे काय आणि धार्मिक भांडवल म्हणजे काय?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी 1971 साली एका दीर्घ लेखात या दोन कल्पना एकत्र मांडल्या. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. समाजात एक वेळ अशी येते की धर्माचे काम, म्हणजे विधी करणे, ग्रंथाचा अर्थ सांगणे, पाप-पुण्याचा निवाडा देणे, हे सगळ्यांच्या हातून सुटते आणि काही जाणकारांच्या हाती एकवटते. उरलेले लोक मग सामान्य भाविक होतात. जाणकार आपापसांत आणि भाविकांसाठी ज्या जागेत झगडतात ती जागा म्हणजे धार्मिक क्षेत्र. आणि या झगड्यात ज्याच्या जोरावर माणूस उभा राहतो ते त्याचे धार्मिक भांडवल: दीक्षा, पदवी, ग्रंथज्ञान, विधी करण्याचा अधिकार, तपस्वी म्हणून असलेला लौकिक, स्वतः ईश्वराने बोलावल्याचा दावा.

यातली महत्त्वाची अट अशी की भांडवल मान्यतेवर जगते. दीक्षा घेतलेल्या माणसाच्या हातून झालेला विधीच फळ देतो असे लोक मानतात तोवर दीक्षा हे भांडवल आहे. लोकांनी तसे मानणे सोडले की तीच दीक्षा नुसता कागद होते. म्हणून या क्षेत्रातली सगळ्यात तीव्र भांडणे 'माझ्याकडे जास्त आहे' या मुद्द्यावर होत नाहीत. ती 'कशाला मोल द्यायचे' या मुद्द्यावर होतात.

भांडवल म्हणजे शेवटी पैसाच ना?

नाही. धार्मिक भांडवलाचे रूपांतर पैशात, राजकीय वजनात किंवा विद्येच्या प्रतिष्ठेत होऊ शकते आणि उलटही होऊ शकते. पण हे रूपांतर उघडपणे करता येत नाही. धर्माचे काम पैशासाठी केले जाते असे दिसले की त्याचे मोल तिथल्या तिथे घसरते. म्हणून हे रूपांतर नेहमी एखाद्या आडपडद्यातून होते: दान, दक्षिणा, देणगी, बांधकामाचा निधी. हा आडपडदा म्हणजे केवळ ढोंग असे समजू नये. त्याच्यावाचून व्यवहारच उभा राहत नाही, आणि देणारा व घेणारा दोघेही बहुतेक वेळा त्यावर मनापासून विश्वास ठेवतात.

पुरोहित, संदेष्टा आणि मांत्रिक हे प्रकार जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी आधीच सांगितले होते. मग यात नवीन काय?

वेबर यांनी तीन प्रकारची माणसे वर्णिली. पुरोहित संस्थेच्या नावाने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने काम करतो. संदेष्टा स्वतःच्या असामान्य वलयाच्या बळावर नवा संदेश देतो. मांत्रिक एकट्याने, गिऱ्हाईक येईल तसे, तातडीच्या अडचणींवर उपाय देतो. बूर्द्यू यांनी हे तिघे घेतले, पण त्यांना माणसांचे प्रकार न मानता जागा मानले. पुरोहिताची जागा संदेष्ट्यामुळे कळते आणि संदेष्ट्याची पुरोहितामुळे. संदेष्ट्याचे वलय कुठून येते हा प्रश्न वेबर यांच्याकडे थोडा अधांतरी राहतो. बूर्द्यू यांचे उत्तर असे की भाविकांच्या ज्या गटाला प्रस्थापित संस्थेकडून आपले उत्तर मिळत नाही, त्याच्या मनातले आधीच दाटून आलेले कोणीतरी शब्दांत मांडतो आणि तो गट त्याला मोठा करतो.

माझ्या मते या मांडणीचा खरा उपयोग इथेच आहे. एकच माणूस पाच वर्षांत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊ शकतो, आणि तो जसा सरकतो तशी त्याची भाषाही बदलते. हे पाहण्यासाठी मार्टिन ल्यूथरची धर्मसुधारणा जिथे सुरू झाली त्या जर्मनीतल्या विटेनबर्ग गावाइतके, 1517 ते 1525 या काळातले, स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणून पुढची बरीच उत्तरे त्याच गावाभोवती फिरतील.

1517 मध्ये विटेनबर्गच्या आसपास कोण कोणाशी झगडत होते?

प्रसंग माफीपत्रांचा होता. कॅथलिक शिकवणीनुसार पापाचा दोष कबुली आणि क्षमेने जातो, पण त्याची ऐहिक शिक्षा उरते, आणि ती मेल्यावर शुद्धिस्थानात भोगावी लागू शकते. माफीपत्र ही उरलेली शिक्षा कमी करी. ही माफी संतांच्या व ख्रिस्ताच्या पुण्याच्या साठ्यातून दिली जाते आणि तो साठा पोपच्या अधिकारात आहे, अशी त्यामागची मांडणी होती. धार्मिक भांडवलाचा संस्थेने केलेला साठा याहून स्पष्ट रूपात क्वचितच दिसतो.

माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने एकाहून जास्त धर्मपदे हाती घेतली होती. त्यासाठी रोमला द्यायची रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाऊ घेतली. त्याच्या प्रदेशात विकल्या जाणाऱ्या माफीपत्रांचे निम्मे उत्पन्न रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मे या कर्जाच्या फेडीला, अशी वाटणी होती. विक्रीचे काम डोमिनिकन संघाचा प्रवचनकार योहान टेट्झेल याच्याकडे होते.

विटेनबर्ग ज्याच्या राज्यात होते तो साक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता, फ्रेडरिक याने मात्र टेट्झेलला आपल्या हद्दीत पाऊल ठेवू दिले नाही. यामागे सुधारणेची तळमळ नव्हती. विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये फ्रेडरिकने संतांच्या पवित्र अवशेषांचा प्रचंड संग्रह केला होता. 1520 च्या सुमारास त्यात सुमारे 19,000 वस्तू होत्या. त्यांच्या दर्शनालाही माफी जोडलेली होती आणि सर्व संतांच्या सणाला, 1 नोव्हेंबरला, तिथे गर्दी होई. दुसऱ्याचा माल आपल्या बाजारात कशाला येऊ द्यायचा? पण विटेनबर्गचे लोक सीमा ओलांडून युटरबोगला जाऊन टेट्झेलकडून पत्रे आणू लागले.

आता तिसरा माणूस. मार्टिन ल्यूथर ऑगस्टिनियन संघाचा साधू होता, गावच्या चर्चमध्ये प्रवचने देत होता आणि कबुल्या ऐकत होता. शिवाय 1502 साली स्थापन झालेल्या विटेनबर्ग विद्यापीठात तो बायबलचा अध्यापक होता आणि 1512 पासून धर्मशास्त्राचा डॉक्टर होता. म्हणजे पुरोहित, प्रवचनकार आणि अध्यापक या तिन्ही जागा त्याच्या अंगी होत्या. कबुली ऐकणारा म्हणून तो पाहत होता की पत्र घेऊन आलेल्या माणसाला पश्चात्तापाची गरज वाटेनाशी होते. पण 31 ऑक्टोबर 1517 रोजी आर्चबिशपला पत्र लिहून सोबत 95 प्रबंध, म्हणजे वादासाठी मांडलेली छोटी विधाने, पाठवले, तेव्हा त्याने वापरले ते अध्यापकाचे भांडवल. प्रबंध लॅटिनमध्ये होते आणि विद्यापीठीय वादसभेच्या रीतीत लिहिलेले होते. डॉक्टरला शंका उपस्थित करण्याचा हक्क होता. साध्या पुरोहिताने तेच केले असते तर ती अवज्ञा ठरली असती.

मग हा दोन साधूसंघांचा किंवा दोन विक्रेत्यांचा हेवादावाच होता असे म्हणायचे का?

तसे म्हटले की विश्लेषण तिथेच संपते, आणि चुकीच्या ठिकाणी संपते. संघांची जुनी स्पर्धा होती हे खरे. ल्यूथरविरुद्ध आधी पुढे आलेल्यांत डोमिनिकन ठळक होते: टेट्झेल स्वतः, रोममध्ये पहिले उत्तर लिहिणारा प्रिएरियास, आणि 1518 च्या ऑक्टोबरात आउग्सबुर्गला ल्यूथरची चौकशी करणारा कार्डिनल काजेटान. पण हेव्याने एवढेच कळते की भांडण का पेटले. ते कोणत्या हत्यारांनी लढले गेले आणि एका बाजूची हत्यारे का बोथट झाली, हे हेव्याने कळत नाही.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 1518 च्या जानेवारीत टेट्झेलने फ्रांकफुर्ट आन देर ओदरच्या विद्यापीठात ल्यूथरविरोधी प्रबंधांचे समर्थन केले. ते प्रबंध तिथला प्राध्यापक कोनराड विम्पिना याने लिहून दिलेले होते. गर्दीला हलवणारा इतका कसलेला प्रवचनकार, पण त्याला उत्तर द्यायला विद्यापीठाचे व्यासपीठ शोधावे लागले आणि विद्वानाची लेखणी उसनी घ्यावी लागली. म्हणजे भांडणाचे मैदान अध्यापकाने आधीच निवडलेले होते. दुसऱ्याच्या मैदानावर दुसऱ्याच्या भांडवलाने खेळणारा बहुधा मागे पडतो. क्षेत्राचे विश्लेषण करताना मी पहिल्यांदा हेच शोधतो: कोणाला कोणाच्या भाषेत उत्तर द्यावे लागते आहे?

ल्यूथरने जिंकले ते नेमके कशामुळे?

त्याने दोन गोष्टी केल्या आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे श्रोता बदलला. 1518 मध्ये त्याने माफी आणि कृपा यांवर जर्मन भाषेत एक छोटेसे प्रवचन छापले. लॅटिन प्रबंध विद्वानांसाठी होते. हे प्रवचन कोणीही वाचून दाखवले की कळत होते. दोन-तीन वर्षांत त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. अध्यापकाचे भांडवल आता छापखान्यातून थेट भाविकांपर्यंत पोहोचू लागले. ज्या गोष्टींचा निवाडा जाणकारांनी बंद दाराआड करायचा, त्यांचा निवाडा वाचणारा गावकरी करू लागला.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. 1519 च्या उन्हाळ्यात लाइपझिगच्या वादसभेत इंगोलश्टाटचा प्राध्यापक योहान एक्क याने त्याला कोंडीत पकडले. 1415 साली पाखंडी ठरवून जाळल्या गेलेल्या यान हुसच्या ज्या मतांना कोन्स्टान्झच्या धर्मपरिषदेने धिक्कारले होते, त्यांतली काही मते खरी ख्रिस्ती आहेत, असे ल्यूथरला म्हणावे लागले. याचा अर्थ असा की धर्मपरिषदही चुकू शकते. त्या क्षणी संस्थेचे सगळे साठवलेले भांडवल प्रश्नांकित झाले. 1520 मध्ये त्याने लिहिले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस पुरोहितच आहे. नेमणूक ही कामाची वाटणी आहे, त्याने माणसाची जात बदलत नाही. बिशपच्या हस्तस्पर्शाने पुरोहिताला जे कायमचे, न पुसले जाणारे वेगळेपण मिळते असे मानले जाई, ते या एका विधानाने काढून घेतले.

त्याच्या जागी त्याने ज्याला मोल दिले ते ग्रंथाचे ज्ञान होते, म्हणजे जे त्याच्याकडे आणि त्याच्या विद्यापीठाकडे भरपूर होते. हे त्याने हिशेब मांडून केले असे मी म्हणत नाही, आणि बूर्द्यूही म्हणत नाहीत. ज्याचे सारे आयुष्य ग्रंथ वाचण्यात गेले त्याला ग्रंथ हाच अखेरचा निकष वाटणे अगदी स्वाभाविक आहे. माणसाचा वकूब आणि वळण त्याच्या जागेतून घडते. त्यामुळे मनापासून घेतलेला निर्णयही त्याच्या जागेला फायद्याचा ठरतो.

राजसत्तेने पाठीशी घातले म्हणून तो वाचला. मग धार्मिक क्षेत्राचा संबंध काय?

फ्रेडरिकने पाठराखण केली नसती तर ल्यूथरही जळाला असता, यात शंका नाही. 1521 च्या जानेवारीत त्याला बहिष्कृत केले गेले, एप्रिलमध्ये वोर्म्स इथल्या साम्राज्याच्या सभेत तो सम्राटापुढे उभा राहिला, आणि त्यानंतर फ्रेडरिकने त्याला वार्टबुर्ग किल्ल्यात लपवून ठेवले. पण राजा कोणालाही वाचवत नाही. त्याला वाचवण्यासारखे काहीतरी दिसावे लागते. फ्रेडरिकला दिसत होते ते त्याचे नवे विद्यापीठ आणि त्याचा गाजलेला प्राध्यापक. त्याच्या अवशेषसंग्रहाचे मोल ज्या शिकवणीमुळे घसरणार होते तिलाच त्याने आसरा दिला. पुढच्या काही वर्षांत त्या अवशेषांचे प्रदर्शन बंदही पडले. जुने धार्मिक भांडवल हातचे गेले आणि नवे आले; दोन्हींचा मालक तोच.

क्षेत्र स्वायत्त असते याचा अर्थ बाहेरचे बळ आत येत नाही असा नाही. ते आत येते, पण आतल्या भाषेत शिरून येते. फ्रेडरिकने कधी असे म्हटले नाही की माझा प्राध्यापक आहे म्हणून सोडा. त्याची मागणी होती ती जर्मन भूमीवर योग्य चौकशी आणि सुनावणी व्हावी ही.

बंडखोर पुढे स्वतःच पुरोहित होतो असे म्हणतात. हे कसे घडते?

विटेनबर्गमध्ये हे काही महिन्यांत घडले, आणि सगळ्या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो.

ल्यूथर वार्टबुर्गमध्ये असताना गावाची सूत्रे आंद्रेआस कार्लश्टाटकडे आली. हा साधासुधा अनुयायी नव्हता. तो विद्यापीठात ल्यूथरला ज्येष्ठ होता. 1512 मध्ये ल्यूथरला डॉक्टरेट प्रदान करणारा अधिकारी तोच होता. 1521 च्या नाताळात त्याने पुरोहिताचे वस्त्र न घालता, साध्या कपड्यांत प्रभुभोजन दिले. एरवी पुरोहितापुरता राखलेला वाइनचा प्यालाही त्याने भाकरीबरोबर सामान्य भाविकांच्या हाती दिला. ल्यूथरने लिहिले होते तेच त्याने करून दाखवले.

त्याच आठवड्यात त्स्विकाऊहून तीन माणसे आली: निकोलाउस श्टोर्ख, थॉमस ड्रेक्सेल आणि मार्कुस श्ट्युबनर. श्टोर्ख विणकर होता. ईश्वर आपल्याशी थेट बोलतो, स्वप्नांतून आणि दृष्टान्तांतून बोलतो, असा त्यांचा दावा होता. वेबर यांच्या अर्थाने हे अगदी शुद्ध संदेष्टे. पदवी नाही, दीक्षा नाही, संस्था नाही. ल्यूथरचा सहकारी, तरुण विद्वान मेलांख्थॉन गोंधळला. त्यांना नाकारावे तर कोणत्या आधारावर? पोपचा अधिकार तर आपणच नाकारला होता. मेलांख्थॉनच्या पत्राला ल्यूथरने उत्तर दिले ते थोडक्यात असे: त्यांना बोलावणे कोणी केले ते विचारा. ईश्वर माणसाला पाठवतो तेव्हा माणसांकरवी पाठवतो, नाहीतर चिन्हे दाखवून पाठवतो.

चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न रोम त्याला विचारत होते. आता तो तोच प्रश्न इतरांना विचारत होता. 1522 च्या मार्चमध्ये तो परतला आणि सलग आठ दिवस रोज एक प्रवचन दिले. त्याने सुधारणा चूक म्हटली नाही; घाई चूक म्हटली, दुबळ्या मनाच्या लोकांना फरफटत नेणे चूक म्हटले. सुधारणांचा वेग कोण ठरवणार, हा प्रश्न त्याने आपल्या हातात परत घेतला. कार्लश्टाटच्या एका लिखाणाची छपाईही थांबवण्यात आली.

ल्यूथरचा स्वभाव बदलला म्हणून हे झाले का? माझ्या मते नाही. त्याची जागा बदलली होती. रोमच्या समोर तो आव्हान देणारा होता, श्टोर्खच्या समोर तो प्रस्थापित होता, आणि प्रस्थापिताला नेमणुकीचा निकष लागतोच. संदेष्ट्याचा संदेश एका पिढीपुढे टिकवायचा तर त्याला वर्ग, पाठ, नेमणूक आणि तपासणी लागते. 1527-28 पासून साक्सनीत गावोगावच्या चर्चची सरकारी तपासणी सुरू झाली. 1529 मध्ये ल्यूथरने धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरी छापल्या, कारण गावच्या पुरोहितांना आणि लोकांना मूलभूत गोष्टीही येत नाहीत असे तपासणीत त्याच्या नजरेस आले होते. 1535 पासून विटेनबर्गमध्ये नव्या पुरोहितांना रीतसर परीक्षा घेऊन नेमले जाऊ लागले. परीक्षा घेणारी माणसे विद्यापीठातली.

एखाद्याने आपले भांडवल स्वतःहून टाकून दिले तर?

कार्लश्टाटने तेच केले. ख्रिस्ताने 'कोणाला गुरू म्हणू नका' असे सांगितले आहे म्हणून त्याने डॉक्टर ही पदवी सोडली, ओरलामुंडे या गावी गेला, शेतकऱ्यासारखे करडे कपडे घातले आणि लोकांनी आपल्याला भाऊ म्हणावे असे सांगितले. वरवर पाहता हे भांडवल उधळणे आहे. पण या क्षेत्रात त्याग हाही मिळवण्याचा मार्ग असतो. पदवी असलेल्यानेच पदवी टाकली तर त्या टाकण्याला वजन येते. विणकर श्टोर्खला ते शक्य नव्हते, कारण टाकण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते.

ओरलामुंडेच्या लोकांनी त्याला आपला मानले. पण तो आपल्या मालकीचे नसलेले काम बळकावतो आहे, त्याला रीतसर बोलावणे नाही, असा ल्यूथरचा आक्षेप होता, आणि 1524 च्या सप्टेंबरमध्ये कार्लश्टाटला साक्सनी सोडावी लागली. त्यागातून आलेले भांडवल गावात चालले, राजदरबारात चालले नाही. भांडवल कुठे चालते याची हद्द अशी शोधावी लागते.

दुसऱ्या एखाद्या वादाचे असे विश्लेषण करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

माणसांच्या मतांपासून करू नये. आधी कागदावर जागा मांडाव्यात: नेमणूक कोणाकडून होते, उपजीविका कुठून चालते, कोणत्या भाविकांपुढे बोलायचे असते. मग प्रत्येकाकडे कोणते भांडवल आहे ते पाहावे. अंगात मुरलेले, म्हणजे पाठांतर, वाणी, आचरण. वस्तूंत असलेले, म्हणजे ग्रंथ, अवशेष, इमारत. आणि संस्थेने दिलेले, म्हणजे पद, पदवी, दीक्षा. ही तीन अंगे बूर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवलासाठी सांगितली होती आणि धर्माचे अभ्यासक ब्रॅडफर्ड व्हर्टर यांनी 2003 मध्ये ती धर्माला लावली. शेवटी वादातले एकेक पाऊल घ्यावे आणि विचारावे की या पावलाने कोणत्या भांडवलाचे मोल वाढले आणि कोणाचे घटले.

पत्रे, पदव्यांची यादी, नेमणुकीचे कागद, आवृत्त्यांची संख्या हे साहित्य यासाठी प्रवचनांपेक्षा जास्त बोलके असते. प्रवचनात माणूस ईश्वराबद्दल बोलतो. नेमणुकीच्या अर्जात तो आपल्या प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलतो.

यात हमखास होणारी चूक कोणती?

वर्तुळात फिरण्याची. 'तो जिंकला कारण त्याच्याकडे जास्त भांडवल होते' असे म्हणायचे, आणि 'भांडवल जास्त होते कशावरून' असे विचारले की 'तो जिंकला त्यावरून' असे सांगायचे. हे टाळायचे तर भांडवल निकालाच्या आधी मोजता आले पाहिजे. ल्यूथरची पदवी, त्याचे पद आणि त्याच्या जर्मन प्रवचनाच्या आवृत्त्या या गोष्टी 1521 च्या निकालाआधीच्या आहेत, म्हणून त्या पुरावा ठरतात. कार्लश्टाटकडेही तीच पदवी होती आणि तो हरला. तेव्हा पदवी पुरेशी नव्हती हे कबूल करून पुढे काय वेगळे होते ते शोधावे लागते. माझे उत्तर वाचकवर्ग आणि दरबाराचा आसरा हे आहे, पण ते पुराव्याने तपासता येण्याजोगे उत्तर आहे हे महत्त्वाचे.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक प्रवचनकाराच्या वागण्यात डावपेच पाहणे. बहुतेकांना आपण डाव खेळतो आहोत याची जाणीव नसते.

अर्थशास्त्रज्ञही 'धार्मिक भांडवल' म्हणतात. ते हेच का?

नाही. लॉरेन्स आयानकोन यांनी 1990 मध्ये तो शब्द वापरला तो भाविकाच्या बाजूने: विधींची सवय, स्तोत्रे पाठ असणे, मंडळींशी ओळखी. ज्याच्याकडे हे जास्त त्याला धर्मातून समाधान जास्त मिळते, म्हणून तो सहसा संप्रदाय बदलत नाही. धर्मांतर किंवा आंतरधर्मीय विवाह समजून घ्यायला ते उपयोगी आहे. पुरोहितांची स्पर्धा समजून घ्यायला नाही, कारण त्यात सत्तेचा प्रश्नच येत नाही.

सामान्य भाविक या मांडणीत फारच गप्प वाटतात. हा दोष नाही का?

दोष आहे. जाणकारांच्या हाती भांडवल एकवटले की भाविक रिकामे होतात, असे बूर्द्यू यांचे चित्र आहे. ते केंद्रीभूत चर्च डोळ्यांसमोर ठेवून काढलेले आहे, आणि विटेनबर्गची पुढची कथाच त्याला धक्का देते. 1525 च्या मार्चमध्ये मेमिंगनला दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियाच्या शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहिल्या. पहिली मागणी कराची किंवा वेठीची नव्हती. आपला धर्मोपदेशक आपण निवडावा आणि नीट वागला नाही तर काढून टाकावा, हा हक्क गावाला असावा, ही होती. आणि शेवटी त्यांनी लिहिले की यातली कोणतीही मागणी ग्रंथाच्या विरुद्ध आहे असे ग्रंथातूनच दाखवले तर आम्ही ती मागे घेऊ. अध्यापकाने ज्या भांडवलाला मोल दिले होते ते आता नांगरधाऱ्यांच्या हाती होते, आणि ते त्याचा वापर नेमणुकीवर ताबा मिळवण्यासाठी करत होते. ल्यूथरने त्यांना नाकारले, उठावाच्या वेळी अत्यंत कठोर शब्दांत नाकारले.

तेव्हा भाविकांना क्षेत्राबाहेर न ठेवता आतच धरावे. ते वेगवेगळ्या भांडवलांचे मोल ठरवणारे असतात, आणि संधी मिळाली की स्वतः मागणीदार होतात. जिथे एकच चर्च नाही, पुष्कळ गुरू आणि पुष्कळ परंपरा शेजारीशेजारी आहेत, तिथे तर हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे लागते.

असे विश्लेषण करणे म्हणजे श्रद्धा खोटी ठरवणे नाही का?

हा प्रश्न श्रद्धावान वाचक विचारतात आणि त्यांची बेचैनी मला रास्त वाटते. क्षेत्राचे विश्लेषण एवढेच सांगते की एखादी शिकवण कोणत्या वाटेने पसरली, कोणाच्या तोंडी तिला वजन आले आणि कोणाच्या तोंडी आले नाही. ती शिकवण खरी की खोटी हे ते सांगू शकत नाही. कृपा केवळ श्रद्धेने मिळते हे ल्यूथरचे म्हणणे त्याच्या पदवीमुळे ऐकले गेले. ते बरोबर आहे की नाही याचे उत्तर पदवीत नाही, ओरलामुंडेच्या करड्या कपड्यांतही नाही, आणि या साधनांनी ते शोधायला जाऊ नये.